पिरंगुटचं गेमिंग लाउंज, आठ पीसी आणि जीटीएचा हट्ट: कोणते गेम ठेवायचे?

माझ्या मावसभावाने पिरंगुटमध्ये गेमिंग लाउंज टाकलं, तेव्हा गेम कोणते ठेवायचे हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. पीसी त्याने पुण्यातल्या एका दुकानातून सेकंडहँड घेतले. दुकानदाराने सोबत ‘गेम भरलेली’ हार्डडिस्क फुकट दिली. जीटीए ५, जुनं काउंटर-स्ट्राइक १.६, दोन-तीन फुटबॉल, एक कुस्ती. सगळं क्रॅक केलेलं. बोर्ड लागला, तासाचा दर ठरला, आणि एमआयडीसीतून सुटणारी मुलं, भूगाव-भुकूमची कॉलेजची पोरं आणि लवळ्याच्या हॉस्टेलमधले काही जण यायला लागले.

मग दादाचा फोन आला. “अरे, व्हॅलोरंट चालंना. पाच पोरं आलीत आणि पाचही जण उठून निघालीत. बघ की येऊन.”

मी गेलो. त्या दिवसापासून आम्ही दोघांनी मिळून त्या आठ पीसींची गेमची यादी तीन वेळा बदलली. हा लेख त्या यादीबद्दल आहे. तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात असं लाउंज टाकायचं असेल तर उपयोग होईल. आणि तुम्ही फक्त खेळायला जाणारे असाल, तरी ‘यांच्याकडे जीटीए का नाही’ याचं उत्तर मिळेल.

मागतात एक, खेळतात दुसरं

पहिलं काम साधं होतं. काउंटरवर शंभर पानी वही ठेवली. आलेल्या प्रत्येकाने कोणता गेम मागितला हे एका रकान्यात, आणि शेवटी कोणत्या गेमवर किती वेळ बसला हे दुसऱ्या रकान्यात. दोन आठवडे दादाने हे मन लावून लिहिलं, हे विशेष.

‘मागितला’च्या रकान्यात जीटीए ५ सगळ्यात वर होता, त्यात आश्चर्य नाही. पण दुसरा रकाना वाचल्यावर चित्र बदललं. जीटीए मागणारा मुलगा एकटा खेळतो. त्याच्या खुर्चीमागे दोन-तीन मित्र उभे राहून बघतात आणि ‘गाडी ठोक, गाडी ठोक’ ओरडतात. पैसे एकाच खुर्चीचे येतात आणि अर्ध्या तासात पोरगं उठतं. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक मागणारे मात्र टोळीने येतात आणि एक मॅच हरले की दुसरी लावतात. एक टोळी म्हणजे पाच खुर्च्या, दोन-दोन तास.

आता गंमत बघा. व्हॅलोरंट पाच विरुद्ध पाच असतो, म्हणजे एका टोळीला पाच पीसी लागतात. चार पीसींवर चालला आणि पाचव्यावर नाही, तर चौघं खेळून पाचवा बघत बसेल असं होत नाही. पाचही जण दुसरीकडे जातात. दादाच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. त्यामुळे ‘आपल्याकडे व्हॅलोरंट आहे का’ हा प्रश्नच आम्ही सोडून दिला. खरा प्रश्न होता, ‘व्हॅलोरंट नीट चालणाऱ्या पाच खुर्च्या आपल्याकडे आहेत का?’

नव्हत्या. तीनच होत्या.

अडलं ते ग्राफिक्स कार्डावर नाही

दादाकडचे आठ पीसी दोन प्रकारचे. तीन बरे: नवव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स १६५० हे ४ जीबीचं कार्ड. बाकी पाच म्हणजे कुठल्यातरी ऑफिसातून निघालेले चौथ्या पिढीचे आय-५, वेगळं कार्ड नाही, प्रोसेसरमधलंच इंटेल एचडी ४६०० ग्राफिक्स.

दादाचं म्हणणं सरळ होतं. “पाचही पीसीत स्वस्तातलं कार्ड टाकू, प्रश्न मिटला.” माझाही पहिला अंदाज तोच होता, कारण जुना पीसी अडला की आपण सगळे कार्डाकडेच बोट दाखवतो. पण व्हॅलोरंट हा मुद्दामच हलका बनवलेला गेम आहे. तो आला तेव्हा रायटने दिलेल्या किमान गरजेत इंटेल एचडी ४००० होतं, म्हणजे दादाच्या कार्डापेक्षाही जुनं. मग अडलं कुठे?

स्क्रीनवर VAN9001 असा एरर येत होता. व्हॅलोरंटसोबत व्हॅनगार्ड नावाचा अँटी-चीट प्रोग्राम येतो आणि तो विंडोजच्या अगदी आतल्या थरात, पीसी सुरू होतानाच सुरू होतो. विंडोज ११ वर व्हॅनगार्डला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे टीपीएम २.०, मदरबोर्डवरची किंवा प्रोसेसरमधली छोटी सुरक्षा यंत्रणा. दुसरी म्हणजे सिक्योर बूट, म्हणजे पीसी सुरू होताना फक्त ओळखीचाच प्रोग्राम चालेल असं बायोसमधलं सेटिंग. हे दोन नसले की गेम उघडत नाही, मग कार्ड कितीही भारी असू दे.

चौथ्या पिढीच्या आय-५ला मायक्रोसॉफ्ट विंडोज ११साठी अधिकृत मान्यताच देत नाही. इंटेलमध्ये ही मान्यता साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. दुकानदाराने त्या पाच पीसींवर तपासणी चुकवून विंडोज ११ बसवून दिलं होतं. विंडोजला फसवता आलं, व्हॅनगार्डला नाही.

तुम्ही सेकंडहँड पीसी घ्यायला गेलात तर दुकानातच दोन मिनिटांत हे तपासता येतं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा आणि आलेल्या चौकटीत हे एकेक टाइप करा:

```
tpm.msc
msinfo32
```

पहिल्यात उजवीकडे खाली Specification Version समोर 2.0 दिसायला हवं. तिथे 1.2 असेल किंवा टीपीएमच सापडत नाही असं लिहून आलं, तर बायोसमध्ये ते बंद ठेवलंय का ते आधी बघा. इंटेलच्या बायोसमध्ये बऱ्याचदा ते पीटीटी या नावाने असतं. दुसऱ्यात Secure Boot State समोर On हवं. दादाच्या बऱ्या तीन पीसींत पीटीटी नुसतं बंद होतं, ते चालू केलं आणि काम झालं. जुन्या पाचांत मात्र १.२च होतं, तिथे चालू करायला काही नव्हतंच.

मग विंडोज १० टाकायचं का? तिथे सध्या व्हॅलोरंटला ही अट नाही, आणि बरेच लाउंजवाले हाच मार्ग धरतात. पण विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. ज्या पीसीवर दिवसभरात वीस अनोळखी मुलं आपापल्या अकाउंटचे पासवर्ड टाकतात, त्या पीसीला सुरक्षेचे अपडेट नाहीत, हे मला पटलं नाही. आणि गेम कंपनीने उद्या विंडोज १० सोडलं की पुन्हा हेच रडगाणं. स्टीमने १ जानेवारी २०२४ला विंडोज ७ आणि ८ सोडलं तेव्हा अनेकांनी हे अनुभवलंय.

शेवटी कार्डांचे पैसे आम्ही दुसरीकडे वळवले. पाच जुन्या पीसींपैकी दोन काढून दुकानदाराला परत दिले आणि वर पैसे घालून आठव्या पिढीचे दोन आय-५ घेतले, तेही ऑफिसातून निघालेले आणि कार्ड नसलेलेच. तीन आधीचे अधिक दोन हे, झाल्या पाच खुर्च्या. त्यांच्यातल्या यूएचडी ६३० ग्राफिक्सवर, सेटिंग सगळं ‘लो’ ठेवून, व्हॅलोरंट पोरांची तक्रार येणार नाही इतपत पळतो.

इथे एक छोटी गोष्ट सांगतो, कारण तिने आमचे दोन दिवस खाल्ले. त्या दोन पीसींपैकी एकावर गेम छान आणि दुसऱ्यावर अडखळत. प्रोसेसर तोच, रॅम दोन्हीकडे ८ जीबी. फरक एवढाच, की एकात ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या आणि दुसऱ्यात ८ जीबीची एकच. कार्ड नसलेला पीसी ग्राफिक्ससाठी साधी रॅमच वापरतो. दोन पट्ट्या असल्या की ती ने-आण दोन वाटांनी होते, एकच असली की एका वाटेने. टास्क मॅनेजर उघडून Performance मध्ये Memory वर गेलात की Slots used समोर हे लगेच कळतं. आम्ही दुसऱ्यात आणखी एक पट्टी घातली आणि अडखळणं थांबलं. ती पट्टी कार्डाच्या मानाने अगदी किरकोळ पैशांत आली.

क्रॅक, ‘पर्सनल’ आणि ‘कमर्शियल’

आता त्या फुकटच्या हार्डडिस्ककडे वळू. दादाचा युक्तिवाद तुम्हीही ऐकला असेल, “सगळेच वापरतात, पिरंगुटात कोण बघायला येतंय?”

घरी क्रॅक गेम खेळणं चूकच, पण लाउंजची गोष्ट त्याहून वेगळी आहे. भारताच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी प्रमाणे, सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी नसेल, तर कोर्ट कैद टाळून फक्त दंड करू शकतं. म्हणजे जी सवलत घरी खेळणाऱ्याला मिळू शकते, ती तासाला पैसे घेणाऱ्याला मिळत नाही.

“बरं, मग विकत घेऊ,” दादा म्हणाला. त्याने स्टीमवर स्वतःच्या नावाचं अकाउंट काढून सेलमध्ये जीटीए ५ घेतला आणि तेच अकाउंट तिन्ही बऱ्या पीसींवर टाकलं. पैसे भरले म्हणजे प्रश्न मिटला असं त्याला वाटलं. मिटला नाही, आणि हे बहुतेक लोकांना माहीत नसतं.

स्टीमवर आपण गेम विकत घेतो म्हणजे आपल्याला तो स्वतः, खासगी आणि बिगर-व्यावसायिक पद्धतीने खेळण्याची परवानगी मिळते. रॉकस्टारच्या अटीही तशाच आहेत. प्लेस्टेशनही त्याच रांगेत, त्यामुळे ‘मग पीएस५ आणतो’ हे उत्तर होत नाही. कायद्याच्या बाजूनेही बघा. सॉफ्टवेअर भाड्याने देण्याचा हक्क कलम १४ प्रमाणे मालकाचा असतो. भाड्याच्या व्यवहारात ते सॉफ्टवेअर ही मुख्य वस्तू नसेल तरच सूट आहे. भाड्याच्या गाडीतलं सॉफ्टवेअर ही मुख्य वस्तू नाही, गिऱ्हाईक गाडीसाठी पैसे देतो. गेमिंग लाउंजमध्ये पोरगं कशासाठी पैसे देतं? खुर्चीसाठी नक्कीच नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी दादाची युक्ती व्यवहारात चार दिवसही टिकली नाही. एकाच अकाउंटवर एका पीसीवर गेम सुरू असताना दुसऱ्यावर सुरू केला की पहिला बंद पडतो. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच अकाउंटवरून काउंटर-स्ट्राइकमध्ये चीट वापरलं आणि अकाउंटवर बॅन बसला. स्टीम फॅमिलीजचा उपाय मला दोघा-तिघांनी सुचवला, पण ती सोय एका घरातल्या माणसांसाठी आहे आणि तिथेही एका वेळी एक प्रत एकालाच खेळता येते.

यातला सरळ मार्ग स्टीमनेच दिलाय, त्याचं नाव पीसी कॅफे प्रोग्राम. लाउंजने त्यात नोंदणी करायची, त्याला फी नाही. मग तीन प्रकारचे गेम चालतात. पहिले, फ्री-टू-प्ले, जसे काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २. दुसरे, गिऱ्हाइकाने स्वतः विकत घेतलेले. तो स्वतःच्या अकाउंटने लॉगिन करतो आणि स्वतःची लायब्ररी खेळतो. तिसरे, लाउंजने व्यावसायिक लायसन्स घेऊन ठेवलेले. हे तिसरं सगळ्या गेमना मिळत नाही, ज्या कंपनीने होकार दिलाय तिच्याच गेमना मिळतं. यादी बघायची, गेम नसेल तर विषय संपला.

जीटीएचा तिढा यातल्या दुसऱ्या प्रकाराने सुटला. तिन्ही बऱ्या पीसींवर गेमच्या फायली उतरवून ठेवल्यात. ज्याच्याकडे स्वतःचा जीटीए ५ आहे त्याने लॉगिन करून खेळावं, डाउनलोडची वाट बघायला नको. ज्याच्याकडे नाही त्याला मिळत नाही. यामुळे सुरुवातीला शाळकरी गिऱ्हाइकं तुटली, हे लपवण्यात अर्थ नाही. पण खरं सांगायचं तर तो गेमच १८ वर्षांवरच्यांसाठी आहे. आठवीतलं पोरगं युनिफॉर्मवर येऊन तो मागतं, तेव्हा ‘नाही’ म्हणायला दादाला एक कारण मिळालं.

तुमच्यासाठी एक सूचना: लाउंजच्या पीसीवर स्टीमचा पासवर्ड टाइपच करू नका. लॉगिनच्या चौकटीत क्यूआर कोड दिसतो, तो फोनमधल्या स्टीम ॲपने स्कॅन करा. आणि उठताना साइन आउट करा, नुसती विंडो बंद करू नका.

विंडोजचं लायसन्सही यात येतं, ते थोडक्यात सांगतो. पीसीसोबत आलेल्या नेहमीच्या विंडोज लायसन्समध्ये तो पीसी लोकांना भाड्याने वापरायला देण्याचा हक्क येत नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं ‘रेंटल राइट्स’ नावाचं वेगळं लायसन्स असतं. दादाने हे ऐकून माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरणार नाही. पण खर्चाच्या वहीत ही ओळ धरावी लागते, आणि पीसी जितके जास्त विंडोजवर तितकी ती ओळ लांब होते.

उरलेल्या तीन जुन्या पीसींचं काय केलं

या तिघांना भंगारात काढायचं दादाच्या मनात होतं. व्हॅलोरंट नाही. काउंटर-स्ट्राइक २ साठी वाल्वने किमान १ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम आणि ८५ जीबी जागा सांगितलीय. आम्ही एचडी ४६०० वर लावून बघितला. मॅप उघडतो, चालताही येतं, पण कुणी स्मोक फेकला की चित्र गोठतं, आणि तोवर तुम्ही मेलेले असता.

मग आम्ही विंडोजच काढलं आणि तिघांवर लिनक्स मिंट बसवलं. विंडोज १०च्या सपोर्टचा प्रश्न संपला, रेंटल राइट्सच्या ओळीतून तीन पीसी कमी झाले. त्यांच्यावर सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम आणि झोनॉटिक हा जुन्या धाटणीचा वेगवान शूटिंग गेम ठेवला. हे दोन्ही मुक्त परवान्याचे आहेत. जीपीएल परवान्यात प्रोग्राम कशासाठीही चालवायची मुभा असते, पैसे घेऊन चालवायचीही. कुणाची परवानगी नको, अकाउंट नको, आणि इंटरनेट गेलं तरी तिन्ही पीसी लॅनच्या वायरने आपसात खेळतात. मुळशीत पावसाळ्यात ब्रॉडबँड किती वेळा जातं हे इथल्यांना सांगायला नको.

सुपरटक्सकार्टला मुलं आधी हसली. ‘हा काय बालिश गेम’ वगैरे. पण तिघं शेजारी बसून एकमेकांवर बॉम्ब टाकायला लागले की हसण्याचा प्रकार बदलतो. सहावी-सातवीतल्या मुलांना बसवायला आता हक्काचा गेम आहे, आणि त्यांचा दर आम्ही कमी ठेवलाय. झोनॉटिक मात्र फारसा कुणी लावत नाही. मला आवडतो म्हणून तो आहे, एवढंच.

बीजीएमआय लोक अजून मागतात. तो फोनवरचा गेम आहे आणि त्याला पीसीसाठी अधिकृत एम्युलेटर नाही. उगाच एम्युलेटरवर चालवून कुणाचं अकाउंट धोक्यात घालायचं नाही, म्हणून एका भिंतीला चार खुर्च्या, चार्जिंग पॉइंट आणि वायफाय दिलं. फोन तुमचा, अकाउंट तुमचं. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाइल गेला, जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय स्टोअरवरून गेला आणि २०२३ मध्ये परत आला. ज्या गेमचं असं होऊ शकतं त्याच्यावर पूर्ण लाउंज उभं करायचं नाही, एवढं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं.

८५ जीबी, तीन वेळा

यादी कागदावर बसली तरी डिस्कवर बसायला हवी. तिन्ही बऱ्या पीसींत २५६ जीबीची एसएसडी आहे, विंडोजमध्ये ती २३८च्या आसपास दिसते. विंडोज आणि त्याचे अपडेट वजा करा, काउंटर-स्ट्राइक २ चे ८५ जीबी वजा करा, जीटीएचे शंभरच्या पुढे. व्हॅलोरंटला जागाच उरत नाही. म्हणून या तिघांत आणखी एक छोटी एसएसडी घालावी लागली. ‘आमच्याकडे पन्नास गेम आहेत’ असं कुणी बोर्डवर लिहिलं असेल तर ते कशावर ठेवलेत हे विचारून बघा.

दुसरा त्रास अपडेटचा. ५० एमबीपीएसची लाइन म्हणजे सेकंदाला साधारण सव्वासहा मेगाबाइट. ८५ जीबी उतरायला त्यात पावणेचार तास लागतात. तिन्ही पीसींवर वेगवेगळं उतरवलं तर अकरा तासांच्या वर, आणि तेवढा वेळ बाकीच्यांचा पिंग वाढून पोरांच्या शिव्या. स्टीममध्ये Settings मध्ये Downloads खाली Game File Transfer over Local Network अशी सोय आहे. दादा रात्री बंद करताना एका पीसीवर अपडेट लावून जातो. सकाळी बाकीचे दोन त्याच्याकडून लॅनने घेतात, इंटरनेटला हात लावत नाहीत. अपडेट चालू असताना लाइट गेली तर फायली अर्धवट राहतात आणि गेम मध्येच बंद पडतो. तेव्हा पूर्ण गेम पुन्हा उतरवू नका, गेमच्या Properties मध्ये Verify integrity of game files चालवा, खराब तेवढंच परत येतं.

टूर्नामेंटचा विषय

दिवाळीत टूर्नामेंट घ्यायची दादाची फार इच्छा होती. शंभर रुपये एन्ट्री, जमलेली रक्कम जिंकणाऱ्या टीमला. आजूबाजूला असे फ्लेक्स तुम्हीही बघितले असतील.

मी त्याला थांबवलं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला, २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. बातम्यांत रमी आणि फँटसी ॲपचीच चर्चा झाली, पण व्याख्या वाचा. पैसे भरून, पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने खेळला जाणारा ऑनलाइन गेम म्हणजे ‘ऑनलाइन मनी गेम’, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. ई-स्पोर्ट्सला यातून वगळलंय आणि तिथे प्रवेश फी आणि बक्षीस दोन्ही चालतं. पण तो गेम आणि स्पर्धा कायद्याप्रमाणे मान्यता आणि नोंदणी असलेली हवी. पिरंगुटच्या गाळ्यात पाच-पाच जणांनी शंभर-शंभर काढून खेळलेली मॅच त्यात आपोआप बसत नाही. आणि मनी गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड लिहिलाय.

मी वकील नाही. पण माझ्या वाचनाप्रमाणे, तासाचे पैसे घेणं ही एक गोष्ट आणि जिंकण्याच्या आशेवर पैसे गोळा करणं ही दुसरी. मधली रेघ जिथे पुसट आहे तिथे आठ पीसीवाल्याने उभं राहू नये. दादाने एन्ट्री फी काढून टाकली. सगळ्यांना नेहमीचाच दर, आणि जिंकणाऱ्या टीमला दादाकडून प्रत्येकी पाच तास फुकट. टीम कमी आल्या, हे खरं. पैसे लागले नाहीत की तेवढा जोर येत नाही, असं पोरंच म्हणाली.

तसंच, इंटरनेट लोकांना वापरायला देणारी जागा म्हणून २०११चे सायबर कॅफेचे नियम अशा लाउंजला लागू होतात: नोंदणी, येणाऱ्याचं ओळखपत्र, एक वर्ष जपायची नोंदवही, साडेचार फुटांपेक्षा उंच पार्टिशन नाही. ओळखपत्र नसलेल्या अल्पवयीन मुलासोबत ओळखपत्र असलेला मोठा माणूस हवा. हॉलीवूडछाप अंधारी केबिन करायचा दादाचा बेत इथेच संपला.

आता भिंतीवर जी यादी लावलीय ती छोटी आहे. पाच खुर्च्यांवर व्हॅलोरंट. त्यातल्या तीन कार्डवाल्यांवर काउंटर-स्ट्राइक २, डोटा २ आणि ‘स्वतःचा असेल तर’ जीटीए ५. तीन लिनक्सवर सुपरटक्सकार्ट आणि माझा झोनॉटिक. भिंतीकडे चार खुर्च्या फोनवाल्यांच्या.

परवा गेलो तेव्हा एक नवा मुलगा काउंटरवर विचारत होता, “काका, जीटीए आहे का?”

“तुझं स्टीम अकाउंट आहे का?” दादाने विचारलं.

“ते काय असतं?”

दादाने त्याला खुर्चीवर बसवलं, त्याच्याच फोनवर स्टीमचं ॲप उतरवून घ्यायला सांगितलं आणि जीटीएची किंमत उघडून दाखवली. मुलाने ती बघितली, फोन खिशात टाकला आणि म्हणाला, “त्या गाड्यांच्या शर्यतीचं किती घेता तासाला?”